दुकानाची रील, दुसऱ्याचं गाणं

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात वायटल फार्मास्युटिकल्स नावाची एक कंपनी 'बँग एनर्जी' हे पेय विकायची. या पेयाच्या जाहिरातीसाठी तिनं टिकटॉकवर छोट्या व्हिडिओंचा सपाटा लावला होता. पेयाचा डबा हातात, समोर नाच आणि मागे त्या वर्षीचं गाजलेलं गाणं, असा साधा मामला. युनिव्हर्सल म्युझिक या कंपनीनं २०२१ मध्ये खटला भरला. व्हिडिओ होते शंभराहून बरेच जास्त. पेयवाल्यांचा बचाव ऐकायला अगदी सरळ होता. ही गाणी टिकटॉकच सगळ्यांना उपलब्ध करून देतं, आम्हाला वाटलं ती वापरायची परवानगी आहे, एवढंच त्यांचं म्हणणं. जुलै २०२२ मध्ये न्यायालयानं हा बचाव नाकारला आणि कंपनीनं स्वतः टाकलेल्या व्हिडिओंपुरता निकाल युनिव्हर्सलच्या बाजूनं दिला. टिकटॉककडं परवाना असेलही, पण तो या कंपनीच्या जाहिरातींसाठी होता याचा पुरावा कुठं आहे, हा प्रश्न होता आणि त्याला उत्तर नव्हतं.

या निकालानंतर मोठ्या म्युझिक कंपन्यांनी हा मार्ग धरलाच. मे २०२४ मध्ये सोनीनं मॅरियट या हॉटेलसाखळीवर दावा लावला आणि त्यात ९३१ वेळा हक्कभंग झाल्याचा आरोप केला. तो वाद त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मिटवून मागं घेतला गेला. आता टिकटॉक आपल्याकडं २०२० पासून बंद आहे आणि मॅरियटएवढी हॉटेलं आपल्यापैकी कुणाची नाहीत. तरीही हा विषय येवल्याच्या पैठणी दुकानदाराचा, पुण्याच्या मिसळवाल्याचा आणि रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराचाही आहे, कारण 'ॲपमध्ये गाणं होतं, म्हणून घेतलं' हे वाक्य त्यांच्याही तोंडी असतं.

ॲपच्या यादीत गाणं असतं ते कसं, इथून सुरुवात करू. इन्स्टाग्राम चालवणारी मेटा किंवा यूट्यूब चालवणारी गूगल म्युझिक कंपन्यांशी करार करते. त्या करारानं तुम्हाआम्हाला आपल्या बाळाच्या बारशाची, सहलीची, गच्चीवरच्या पावसाची रील गाण्यासकट टाकता येते. वापर वैयक्तिक असतो, आणि करारही तेवढ्यापुरताच. मेटाच्या संगीतविषयक नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की व्यापारी किंवा अवैयक्तिक वापरासाठी संगीत घ्यायचं असेल तर त्याचा परवाना तुम्ही स्वतः मिळवलेला असायला हवा. वाचनालयाचं पुस्तक घरी नेऊन वाचता येतं, पण त्याच्या प्रती छापून विकता येत नाहीत, तसंच हे.

म्हणूनच इन्स्टाग्रामवर खातं 'बिझनेस' प्रकारचं केलं की गाण्यांची यादी एकदम आटते. काल दिसणारी चित्रपटगीतं गायब होतात आणि अनोळखी वाद्यसंगीत समोर येतं. अनेक दुकानदारांना ही ॲपमधली गडबड वाटते. ती गडबड नाही. तुमच्या खात्याच्या प्रकाराला कुठली गाणी चालतात, तेच ॲप सांगत असतं.

आता एक प्रसंग पूर्ण मांडून बघू. दुकान काल्पनिक आहे, पण घडतं ते असंच.

येवल्यातल्या एका पैठणी दुकानाला दिवाळीआधी रील करायची आहे. नाशिकची एक तरुण क्रिएटर ठरते. तिचे सव्वा लाख फॉलोअर आहेत. मानधन २५ हजार आणि एक साडी. तीस सेकंदांची रील, तीन साड्या, आणि मागे गेल्या वर्षी गाजलेल्या मराठी चित्रपटातलं गाणं. क्रिएटरचं खातं 'बिझनेस' नसल्यामुळं तिला पूर्ण यादी दिसते. ती तिथूनच गाणं घेते, रील टाकते. वर 'पेड पार्टनरशिप'ची खूण लावते, कारण जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे एएससीआयचे, २०२१ पासूनचे नियम सांगतात की पैसे किंवा वस्तू घेऊन केलेली शिफारस तशी जाहीर करावी.

खूण लावली हे योग्यच झालं. पण त्याच खुणेनं ही रील वैयक्तिक नाही हेही लिहून दिलं. गाणं तेच, बाई तीच, फोन तोच. मानधन आणि साडी ठरली त्या क्षणी वापराचा प्रकार बदलला आणि मेटाच्या कराराचं छत्र डोक्यावरून गेलं.

रील बरी चालते. दुकानदाराला वाटतं, थोडे पैसे टाकून नाशिक, पुणे, ठाण्यातल्या बायकांपर्यंत पोचवू. 'बूस्ट' दाबल्यावर ॲप अडवतं. या रीलमध्ये हक्क राखून असलेलं संगीत आहे, ती बूस्ट करता येणार नाही, अशा आशयाची सूचना येते. इथं थांबायला हवं. पण गावोगावच्या सोशल मीडिया सांभाळणाऱ्या मुलांकडं यावर तोडगा तयार असतो. गाणं बाहेरून डाउनलोड करायचं, एडिटिंगच्या ॲपमध्ये व्हिडिओतच मिसळायचं, वेग जरा वाढवायचा किंवा सूर किंचित वर न्यायचा आणि फाइल 'ओरिजिनल ऑडिओ' म्हणून पुन्हा चढवायची. कधीकधी ही जाहिरात पकडली जात नाही. मग दुकान दिवाळीभर त्यावर चाळीस हजार रुपये खर्च करतं, तीच फाइल यूट्यूब शॉर्ट्सवर आणि दुकानाच्या व्हॉट्सॲप चॅनेलवरही जाते.

माझ्या मते सगळ्या प्रकरणात ही पायरी सर्वांत घातक आहे. पहिल्या रीलच्या वेळी निदान 'माहीत नव्हतं' असं म्हणायला थोडी जागा होती. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या, म्हणजे १९५७ च्या कायद्याच्या, कलम ५५ मध्ये अजाणतेपणी हक्कभंग करणाऱ्याला थोडी सवलत आहे. त्या कृतीवर हक्क आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याचं कारणही नव्हतं, असं त्यानं सिद्ध केलं, तर मनाई हुकूम आणि झालेल्या नफ्यातला वाटा यापलीकडं त्याच्यावर काही लादता येत नाही. गाजलेल्या चित्रपटगीताच्या बाबतीत हे सिद्ध करणं मुळातच अवघड. त्यात ॲपनं स्वतः अडवलं आणि तुम्ही सूर बदलून वळसा घातलात, तर तुमचं अजाणतेपण तुमच्याच हातांनी पुसलं गेलं.

पुढं काय होतं ते यूट्यूबवर आधी कळतं. तिथं 'कंटेंट आयडी' नावाची यंत्रणा प्रत्येक फाइलचा आवाज म्युझिक कंपन्यांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून बघते. जुळला की 'क्लेम' लागतो. मालकाच्या इच्छेनुसार व्हिडिओ अडवला जातो, त्यावरचं उत्पन्न त्याच्याकडं वळतं किंवा नुसती नोंद ठेवली जाते. क्लेम म्हणजे शिक्षा नव्हे. 'स्ट्राइक' वेगळा. मालकानं कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ उतरवायला लावला की तो लागतो, आणि ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की अख्खं चॅनेल बंद होऊ शकतं. नुसता क्लेम आला आणि व्हिडिओ चालू राहिला, म्हणजे परवानगी मिळाली, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. गाण्याच्या मालकानं जाहिरातीचं उत्पन्न आपल्याकडं वळवलं, याचा अर्थ पैठणी विकायला त्यानं गाणं दिलं असा होत नाही. तो उद्याही नोटीस पाठवू शकतो.

इन्स्टाग्रामवर बहुधा आवाज बंद होतो किंवा रील उतरते. आणि मग, कधी दोन आठवड्यांनी, कधी सहा महिन्यांनी, वकिलाची नोटीस येते. तिच्यासोबत तारखेसह स्क्रीनशॉट असतात. मेटाच्या 'ॲड लायब्ररी'त चालू जाहिराती कुणालाही बघता येतात, त्यामुळं कुठल्या पानावरून कुठली जाहिरात चालू आहे हे शोधायला म्युझिक कंपनीला गुप्तहेर लागत नाही.

दावा कुठं लागेल, हा प्रश्न येवल्याच्या माणसासाठी रकमेइतकाच महत्त्वाचा. इतर दिवाणी दाव्यांत सहसा प्रतिवादीच्या गावाकडं बघतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ नं मात्र हक्कमालकाला स्वतः जिथं राहतो किंवा व्यवसाय करतो तिथं दावा लावायची मुभा दिली आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये आयपीआरएस विरुद्ध संजय दालिया या प्रकरणात या मुभेला थोडी वेसण घातली, पण मुख्य कार्यालय मुंबईत असलेली कंपनी मुंबईत दावा लावू शकते, यात फरक पडला नाही. तारखांना जायचं कुणी, तर दुकानदारानं.

फौजदारी बाजूही आहे. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारी लाभासाठी केलेलं नसेल तर न्यायालय ही शिक्षा कमी करू शकतं. पण जाहिरात म्हणजे व्यापारी लाभच. रीलसाठी कुणी तुरुंगात जाईल असं भय मी घालणार नाही. बहुतेक प्रकरणं पैशांवर मिटतात. मात्र हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे, आणि तडजोडीच्या टेबलावर समोरच्याच्या हातात तेही एक पान असतं.

आपल्या देशातलं एक गाजलेलं उदाहरण दुकानाचं नाही, राजकीय प्रचाराचं आहे. २०२२ मध्ये काँग्रेसच्या भारत जोडो यात्रेच्या प्रचारात 'केजीएफ चॅप्टर २' या चित्रपटाचं संगीत वापरल्याची तक्रार बंगळुरूच्या एमआरटी म्युझिकनं केली. ७ नोव्हेंबरला तिथल्या व्यापारी न्यायालयानं पक्षाचं आणि यात्रेचं ट्विटर खातं तात्पुरतं बंद करण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी कर्नाटक उच्च न्यायालयानं वादातला मजकूर काढून टाकण्याच्या अटीवर तो आदेश उठवला. राष्ट्रीय पक्षाला रातोरात उच्च न्यायालय गाठता आलं. ऐन दिवाळीत खातं बंद पडलेल्या दुकानाला ते कितपत जमेल?

एका गाण्यात हक्क किती असतात, हे कळल्याशिवाय परवाना कुणाकडं मागायचा ते कळत नाही. कायद्याच्या दृष्टीनं शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण ही तिसरी कृती. या धंद्यातली माणसं ध्वनिमुद्रणाला 'मास्टर' म्हणतात आणि चित्रासोबत गाणं जोडण्याच्या परवान्याला 'सिंक'. तुकोबांचे अभंग घ्या. शब्द साडेतीनशे वर्षांहून जुने, सर्वांचे. पण श्रीनिवास खळ्यांनी अभंगांना लावलेल्या चाली खळ्यांच्या आहेत. शब्द आणि चाल यांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या चालींवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत. लताबाईंच्या आवाजातलं मुद्रण ही आणखी वेगळी कृती, आणि मुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९७० मध्ये निघालेल्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क २०३० अखेर संपेल, पण तेव्हाही चाल मोकळी झालेली नसेल. 'अभंग तर देवाचा, त्याला कसला कॉपीराइट' म्हणून अगरबत्तीच्या जाहिरातीत ते मुद्रण लावणाऱ्यानं हे ध्यानात ठेवावं.

यातूनच आणखी एका पळवाटेचं उत्तर मिळतं. 'मूळ गाणं नको, आपल्या पोरीकडून गाऊन घेऊ, कीबोर्डवर वाजवून घेऊ.' यानं मास्टरचा प्रश्न सुटतो, शब्द आणि चालीचा नाही. कव्हरसाठी कायद्यात कलम ३१सी आहे खरं, पण ते ठरावीक अटींवर ध्वनिमुद्रिका काढण्यापुरतं आहे. पहिल्या मुद्रणानंतर पाच वर्षं थांबावं लागतं आणि किमान ५० हजार प्रतींचं मानधन आगाऊ भरावं लागतं. जाहिरातीच्या चित्रासोबत गाणं जोडण्याची मोकळीक त्यातून मिळत नाही. शब्द बदलून 'साडी' घातली तर प्रकरण आणखी बिघडतं, कारण मग रूपांतराचा प्रश्न येतो आणि विकृतीला हरकत घेण्याचा कवी-संगीतकाराचा नैतिक हक्कही जागा होतो. तो हक्क, कलम ५७ चा, त्यांनी गाणं विकल्यावरही त्यांच्याकडंच राहतो.

सेकंदांचा हिशेबही असाच. पंधरा सेकंद चालतात, सात सेकंदांना काही होत नाही, असं छातीठोक सांगणारे भेटतात. कायद्यात सेकंदांचा आकडा कुठंही नाही. कलम ५२ मधल्या उचित वापराच्या सवलती खासगी वापर, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा हेतूंसाठी आहेत. पैठणी विकणं त्यात बसत नाही. फारच क्षुल्लक वापराकडं न्यायालयानं दुर्लक्ष केल्याचं उदाहरण आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१२ मध्ये इंडिया टीव्ही आणि यशराज फिल्म्स यांच्या प्रकरणात तशी भूमिका घेतली. पण तिथं न्यायालयानं नुकसान, हेतू, परिणाम असं बरंच काही तोललं, स्टॉपवॉच लावलं नाही. शिवाय रीलमध्ये आपण गाण्याचा नेमका तोच तुकडा घेतो जो लोकांना पाठ आहे. त्याच्यासाठीच तर गाणं घेतलेलं असतं. मग तो तुकडा क्षुल्लक होता असं कुठल्या तोंडानं म्हणणार? वर्णनात गायक-संगीतकाराची नावं देणं हे सौजन्य झालं. त्यानं परवान्याची जागा भरत नाही.

दुकानात गाणी वाजवायचा परवाना आहे, मग रीलला का नको, असंही विचारलं जातं. पीपीएल किंवा आयपीआरएस यांच्याकडून दुकानं-हॉटेलं घेतात तो परवाना गिऱ्हाइकांसमोर गाणी वाजवण्याचा असतो. व्हिडिओत गाणं जोडायचा हक्क त्यात नसतो. याचा एक चमत्कारिक परिणाम होतो. दुकानात परवान्यानिशी वाजत असलेलं गाणं रील काढताना मागे टिपलं गेलं, तर त्या रीलसाठी तो परवाना पुरत नाही. मागच्या भिंतीवरचं चित्र ओघानं व्हिडिओत आलं तर कायदा सूट देतो, पण ती सूट कलाकृतींपुरती आहे, संगीताला नाही. तेव्हा चित्रीकरणाच्या वेळी स्पीकर बंद करावा, इतकं सोपं आहे.

गाण्याऐवजी चित्रपटातला तुकडाच घेतला, नायकाचा संवाद लावून खाली दुकानाचं नाव टाकलं, तर मालक आणखी वाढतात. चित्रपटाचा निर्माता एक, आणि नटाचं स्वतःच्या चेहऱ्या-आवाजावरचं नियंत्रण दुसरं. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज आणि त्यांचं ते 'झकास' यांच्या विनापरवाना व्यापारी वापराला मनाई केली. मिसळीच्या जाहिरातीत 'झकास' हा शब्द वापरायला कुणाची ना नाही. त्यांच्या आवाजातलं, त्यांच्या थाटातलं 'झकास' मात्र वेगळं.

मग सरळ मार्गानं गाणं घ्यायचं कसं? मालक शोधण्यापासून सुरुवात होते. गाणं ऐकण्याच्या ॲपवर गाण्याच्या माहितीत वर्तुळातला पी, म्हणजे ℗, आणि त्यापुढं वर्ष व नाव असतं. ती ध्वनिमुद्रणाची मालकी. चित्रपटगीतांच्या बाबतीत निर्मात्याकडून सगळे हक्क बहुधा म्युझिक लेबलकडं आलेले असतात, म्हणून एकाच दारात काम होण्याची शक्यता चांगली असते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या मानधनाचा समान वाटा सोडून देता येत नाही, पण तो हिशेब सहसा लेबल आणि आयपीआरएस यांच्या पातळीवर होतो. स्वतंत्र कलाकाराच्या गाण्यात मात्र शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, मुद्रण तिसऱ्याचं असू शकतं. तिथं तिघांच्याही सह्या लागतात.

लेबलच्या लायसन्सिंग विभागाला 'आम्हाला अमुक गाणं हवंय, किती घ्याल' एवढंच कळवलं तर उत्तर येत नाही, आलं तर मोघम येतं. काय विकताय, गाण्याचा कितवा ते कितवा सेकंद, रीलच्या किती आवृत्त्या, कुठल्या ॲपवर, कुणाच्या खात्यावरून, पैसे लावून पसरवणार का, किती काळ आणि कुठल्या प्रदेशात, हे सगळं पहिल्याच पत्रात लिहावं. कच्ची पटकथाही जोडावी. दर यावरच ठरतो आणि घासाघीसही यावरच होते. महाराष्ट्रापुरती, तीन महिन्यांची, एकाच तुकड्याची मागणी आणि जगभर वर्षभराची मागणी यांच्या किमतीत मोठं अंतर पडतं. उत्तर यायला आठवडे जाऊ शकतात. दिवाळीची रील गणपतीतच ठरवायला हवी.

परवाना लेखी हवा, कलम ३० तसंच सांगतं. फोनवरचं 'हो, वापरा' कामाचं नाही. करारात मुदत लिहिलीच नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. प्रत्यक्षात लेबल मुदत लिहायला विसरत नाही, ती विसरतो आपण. गोची तिथंच होते. तीन महिन्यांचा परवाना संपतो, पैसे लावलेली जाहिरात थांबते, पण रील दुकानाच्या आणि क्रिएटरच्या प्रोफाइलवर वर्षानुवर्षं पडून राहते. जुनी रील राहू देता येईल का, हे करारात वेगळं विचारून घ्यावं. नाही म्हणाले तर संपण्याची तारीख कॅलेंडरवर टाकून त्या दिवशी सगळीकडून उतरवावी. यूट्यूबवर टाकणार असाल तर आपलं चॅनेल कंटेंट आयडीमध्ये सूटयादीत घालायलाही सांगावं, नाहीतर पैसे भरूनही क्लेम येतो.

क्रिएटरसोबतच्या करारातही गाण्याचं एक कलम हवं. गाणं कोण निवडणार, परवाना कोण आणणार, नोटीस आली तर खर्च कुणाचा, एवढं तरी. क्रिएटरनं 'दुकानानं सांगितलं' आणि दुकानानं 'तिनं निवडलं' म्हणून भागत नाही, म्युझिक कंपनी दोघांनाही आणि मधल्या एजन्सीलाही प्रतिवादी करू शकते.

हे सगळं तीस सेकंदांसाठी जड वाटत असेल, तर ते जड आहेच. छोट्या दुकानानं गाजलेल्या गाण्याच्या मागं लागूच नये, असं मला वाटतं. मेटाचं 'साउंड कलेक्शन' आणि यूट्यूबची 'ऑडिओ लायब्ररी' यांतलं संगीत व्यापारी व्हिडिओलाही चालतं. फक्त मेटाचं संगीत मेटाच्याच ॲपवर वापरायचं, ते उचलून यूट्यूबवर न्यायचं नाही. याहून चांगला उपाय म्हणजे गावातल्या एखाद्या संगीतकाराकडून वीस सेकंदांची स्वतःची धून करून घेणं. पण तिथंही एक खाच आहे. तुम्ही पैसे मोजलेत म्हणून चाल तुमची होत नाही. पगारी नोकरानं नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाची गोष्ट वेगळी, बाहेरून करून घेतलेल्या चालीचा पहिला मालक संगीतकारच. हक्क लेखी करारानं घ्यावे लागतात, आणि इथंही मुदत न लिहिल्यास पाच वर्षांचा नियम लागू होतो. कायमचे हवे असतील तर कायमचे असं लिहावं आणि त्याचे पैसेही तसेच द्यावे.

आणि नोटीस आलीच तर? रील तातडीनं सगळीकडून उतरवा. क्रिएटरचं खातं, यूट्यूब, व्हॉट्सॲप, आणि प्रोफाइलवर न दिसणाऱ्या पण जाहिरात म्हणून चालू असलेल्या प्रतीसुद्धा. उतरवण्याआधी तारखा, किती लोकांनी पाहिलं, किती पैसे लावले याची नोंद आपल्याकडं ठेवा. पुरावे पुसू नका. नोटीस पाठवणाऱ्याकडं त्या गाण्याचा हक्क खरोखर आहे याची कागदपत्रं मागा, कारण एकाच गाण्यावर दोघांनी हक्क सांगितल्याची प्रकरणंही होतात. पहिला आकडा मान्य करू नका, पण पत्र अनुत्तरितही ठेवू नका. वापर किती दिवसांचा, किती खर्चाचा आणि कुठं झाला हे मांडून मागील तारखेपासूनचा परवाना मागता येतो, आणि बरीच प्रकरणं तिथंच संपतात. उत्तर मात्र कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडूनच लिहून घ्या. दुकानाचं भाडेपत्र करणारे वकीलसाहेब कितीही जवळचे असले, तरी हे काम त्यांचं नाही.